आठव्या महिन्यात बाळ रात्री आईला सोडेना: काय तपासायचं, कशाने शांत करायचं, कुठे थांबायचं

मी डोंबिवलीत पाळणाघर चालवते. आमच्याकडे बाळं साधारण सहा-सात महिन्यांची असताना येतात, कारण बहुतेक आयांची 26 आठवड्यांची बाळंतपणाची रजा त्याच सुमारास संपते. त्यानंतर महिना-दीड महिन्यात तीच आई सकाळी दारात उभी राहून म्हणते, "ताई, इतका छान झोपायचा हो, आता रात्री मला जागची हलूच देत नाही." हा प्रश्न वर्षानुवर्षं बाळ बदलून, घर बदलून माझ्याकडे येतो. त्यामुळे तो कुठून तपासत जायचा याचा एक क्रम ठरून गेला आहे. तोच इथे लिहिते आहे.

लक्षणं

मांडीवर किंवा कुशीत बाळ शांत झोपतं. गादीवर ठेवून तुम्ही उठलात की डोळे टक्क उघडतात आणि रडणं सुरू होतं. कधी झोप लागते, तुम्ही ओटा आवरायला जाता आणि पाऊण तासात किंचाळी ऐकू येते. आधी बाबांकडे किंवा आजीकडे झोपणारं बाळ आता फक्त आईच मागतं. दिवसाही आई बाथरूममध्ये गेली की दारापाशी रांगत येतं, आणि ओळखीच्या शेजारणीकडे जायलाही तयार नसतं.

यांच्याबरोबर आणखी एक खूण हवीच: तुम्ही दिसलात किंवा उचलून घेतलंत की मिनिट-दोन मिनिटांत रडणं ओसरतं. ती खूण नसेल तर हा प्रश्न वेगळा आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

हे याच वयात का होतं, ते समजलं की उपाय निवडणं सोपं जातं. लहान बाळाच्या लेखी नजरेआड गेलेली वस्तू संपलेली असते. साधारण आठव्या महिन्याच्या आसपास त्याला कळायला लागतं की आई दिसत नसली तरी ती कुठेतरी आहे. पण ती परत येते, आणि किती वेळात येते, हे अजून कळत नाही. म्हणजे बाळाची समज वाढली आहे, पण अर्धीच. विरहाची, म्हणजे आई दूर जाण्याची, ही भीती सहा ते आठ महिन्यांत सुरू होते, बहुतेक मुलांत दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान सर्वांत तीव्र असते आणि दोन-तीन वर्षांपर्यंत विरत जाते. त्यामुळे ही भीती आपण काढून टाकू शकत नाही. ती असतानाही घरातल्यांची रात्र नीट जावी, एवढं मात्र आपल्या हातात असतं.

पहिली तपासणी: उचलून बघा

यात खर्च काहीच नाही. रडणाऱ्या बाळाला छातीशी धरा आणि फक्त बघा. दोन मिनिटांत शांत होऊन इकडेतिकडे पाहायला लागलं, तर विरहाची शंका खरी. कडेवर घेऊनही तसंच रडत राहिलं, किंवा उभं धरल्यावर गप्प आणि आडवं केलं की कळवळून रडतं असं असेल, तर दुखणं शोधा. कानात जंतुसंसर्ग असला की आडवं झाल्यावर कानातला दाब वाढतो आणि ठणका वाढतो. सर्दीने नाक चोंदलं असेल तरी आडवं झाल्यावरच त्रास होतो. थर्मामीटर लावा. 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त भरलं, तर आज झोपेची कुठलीही शिस्त नको, डॉक्टरांना फोन करा.

ही तपासणी सगळ्यांत आधी घ्यायचं कारण असं की आजारी बाळाला "सवय लागेल" म्हणून खाली ठेवणं, यासारखी चूक नाही. आजारात हवं तितकं कडेवर घ्या.

दुसरी तपासणी: घड्याळ

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त घरांमध्ये विरहाच्या भीतीला दमणुकीची जोड मिळालेली असते. थकून गेलेलं बाळ घाबरलं की सावरत नाही. वेळ दुरुस्त करणं हे रडणं हाताळण्यापेक्षा खूप सोपं आहे, म्हणून ते आधी.

4 ते 12 महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून 12 ते 16 तास झोप लागते. आठ महिन्यांचं बाळ एका वेळी साधारण अडीच ते साडेतीन तास आनंदाने जागं राहतं. नेमकं याच वयात दिवसाच्या तीन झोपांच्या दोन होत असतात, आणि संध्याकाळची झोप गेली की रात्रीपर्यंतचा पल्ला फार लांबतो.

आमच्याकडची एक मुलगी घ्या. सकाळी सातला उठायची. पाळणाघरात पावणेदहा ते अकरा आणि दोन ते साडेतीन अशा दोन झोपा. आई लोकलने घरी पोचायची साडेसातला. मग सगळ्यांनाच तिच्याशी खेळायचं असे, आणि अंथरुणावर जायला दहा वाजत. हिशेब मांडला तर रात्रीचे नऊ तास आणि दिवसाचे पावणेतीन, म्हणजे पावणेबारा तास. गरजेपेक्षा कमी. त्याहून वाईट म्हणजे साडेतीन ते दहा, सलग साडेसहा तास ती जागी. आई म्हणायची, "अहो, दहाला सुद्धा झोपायला तयार नसते, इतका उत्साह असतो." तो उत्साह नसतो. अति दमलेलं बाळ असंच चेकाळतं.

आम्ही एवढंच केलं: पावणेसहाला अर्ध्या तासाची छोटी झोप घालायला सुरुवात केली, आणि घरी झोपायची वेळ नऊच्या आत आणली. एकूण झोप सव्वातेरा तासांवर आली. रडणं थांबलं नाही, पण आधी पाऊण तास चालायचं ते वीसेक मिनिटांवर आलं. उरलेल्या वीस मिनिटांचं काय केलं ते पुढे सांगते.

तुम्हीही चार दिवस झोपेच्या आणि जाग्या होण्याच्या वेळा कागदावर लिहा. मनात धरलेल्या वेळा आणि लिहिलेल्या वेळा यांत फरक निघतो.

तिसरी तपासणी: पोट

बाळ दिवसभर पाळणाघरात असेल तर ते दिवसा दूध कमी पितं आणि रात्री आईकडून वसूल करतं, असं पुष्कळदा होतं. आठव्या महिन्यात रात्री एक-दोनदा खरी भूक लागणं स्वाभाविक आहे, ते बंद करायच्या मागे लागू नका. पण दर तासाला उठून दोन घोट पिऊन झोपत असेल तर ती भूक नसते. तिथे स्तनपान हे झोपेत परत जायचं साधन झालेलं असतं. घटाघट पितं की नुसतं चोखतं, हे आईला अंधारातही कळतं.

संध्याकाळी घरी आल्याबरोबर पाजा. झोपण्याआधी अर्धा-पाऊण तास मऊ खिचडी, नाचणीसत्त्व किंवा जे चालू असेल ते द्या, आणि शेवटचं दूध दिवा मालवायच्या आधी, बाळ जागं असताना द्या. बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. दात येऊ लागले आहेत आणि रात्रभर तोंडात राहिलेलं दूध ते किडवतं.

चौथी तपासणी: झोपताना काय होतं आणि जाग आल्यावर काय असतं

आपल्या घरांत बाळ आईच्या शेजारीच झोपतं. त्यात काही गैर नाही, वेगळ्या खोलीची गरजही नाही. अडचण दुसरीकडे असते. प्रत्येक बाळ साधारण तासाभराच्या झोपेच्या फेरीनंतर किंचित जागं होतं. झोप लागताना ते मांडीवर होतं, आई डोलत होती, दिवा चालू होता. आता जाग आली तर खाली सपाट गादी, अंधार आणि आई गायब. आपण रात्री आपल्या अंथरुणात झोपलो आणि जाग आली तेव्हा अंगणात असलो, तर आपणही ओरडूच. सहाव्या महिन्यात हा बदल बाळाच्या लक्षात येत नव्हता, आता येतो.

म्हणून झोप लागतानाची जागा, उजेड आणि आवाज जाग आल्यावरही तसेच राहतील असं करा. बाळाला पेंग आली, पण डोळे अजून उघडे आहेत, अशा वेळी गादीवर ठेवा. हे पहिल्या रात्री जमत नाही, कधीकधी पंधरा दिवस लागतात. झोळीत झोपणाऱ्या बाळाबाबत एक सांगायलाच हवं: जे बाळ उठून बसतं किंवा धरून उभं राहतं, ते झोळीतून पडू शकतं, कापडात अडकू शकतं. या वयात झोळी सोडायची वेळ आलेलीच असते, त्यामुळे आता नव्याने तिच्याकडे परत वळू नका.

आईचा वास राहावा म्हणून बाळाजवळ ओढणी किंवा साडी ठेवायला सांगितलं जातं. एक वर्षाच्या आत सैल कापड, उशी, मऊ खेळणी यांतलं काहीही झोपेच्या जागी नको, श्वास कोंडायचा धोका असतो. त्याऐवजी तुम्ही एक रात्र वापरलेली चादर बाळाच्या गादीवर ताणून, चारी कडा खाली घट्ट खोचून घाला. वास मिळतो आणि सैल काही राहत नाही.

पाचवी तपासणी: दिवसा तुम्ही कशा निघता

रात्रीची भीती दिवसा भरली जाते. घरोघरी एक सल्ला ठरलेला: "तिचं लक्ष नाही तोवर सटक गं, नाहीतर रडेल." सासूबाई मायेपोटीच म्हणतात. पण न सांगता गायब झालेल्या आईमुळे बाळ एवढंच शिकतं की लक्ष हटलं की आई जाते. मग ते रात्री डोळे मिटायलाच घाबरतं, कारण झोप म्हणजे लक्ष हटणंच.

तेव्हा निघताना दिसेल असं निघा. एकच वाक्य, दररोज तेच: "आई ऑफिसला चालली, संध्याकाळी येणार." हात हलवा आणि जा. दारात रेंगाळू नका, रडलं म्हणून दोनदा परत येऊ नका. आमच्याकडे सकाळी रडणारी बहुतेक बाळं आई गेल्यावर थोड्याच वेळात खेळायला लागतात. आईची घालमेल मात्र गाडी येईपर्यंत चालू असते, म्हणून आम्ही दहा मिनिटांनी फोन करून कळवतो.

घरात दिवसातून दोन-चार वेळा बुवा-कुक खेळा. आधी चेहऱ्यावर ओढणी घेऊन, मग दाराआडून, मग दुसऱ्या खोलीतून नुसता आवाज देत. वेळ एकेक सेकंदाने वाढवा. बाळ हसतंय तोवर खेळ, ओठ काढले की थांबायचं. "दिसत नाही म्हणजे गेली नाही, परत येते" हे शब्दांनी सांगता येत नाही. ते खेळातच कळतं.

कामावरून आल्यावरची पहिली वीस मिनिटं बाळाला द्या. डबा, मोबाइल, कुकर सगळं बाजूला ठेवून जमिनीवर बसा. दिवसभराची भूक तिथे थोडी भागली की झोपायच्या वेळी चिकटणं कमी होतं. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या वेळात सुनेने स्वयंपाकघरात असावं अशी अपेक्षा असते.

सहावी तपासणी: तुम्ही धीर कसा देता

आता खरं अवघड काम. धीर द्यायचाच आहे. रडू देऊन खोलीबाहेर थांबणं या वयात मला पटत नाही, आणि दोन खोल्यांच्या घरात ते शक्यही नसतं. पण धीर कशाने द्यायचा हे निवडायचं असतं. माझी कसोटी एकच: जे आज नऊ वाजता कराल, ते पुढचा महिनाभर रात्री तीन वाजताही करायला तयार आहात का? थोपटणं, हळू आवाज, अंगावर हात, यांना उत्तर "हो" येतं. तासभर कडेवर येरझाऱ्या, स्कूटरवरून सोसायटीला फेरी, मोबाइलवरची गाणी, दर वेळी पाजणं, यांना "नाही" येतं. हे उपाय पहिल्या रात्री लागू पडतात, म्हणूनच त्यांचा मोह होतो. पाचव्या रात्रीपासून त्यांच्याशिवाय झोपच लागत नाही.

झोपेआधीचा क्रम अर्ध्या तासाचा आणि रोज तोच ठेवा: कोमट पाण्याने अंग पुसणं, कपडे, दूध, दिवा मंद, एक अंगाई, गादी. मग कमीत कमी मदतीपासून सुरुवात करा. बाळ नुसतं कुरकुरत असेल, डोळे मिटलेले असतील, तर अर्धा मिनिट थांबा. पुष्कळदा ते झोपेतच असतं आणि आपणच उचलून जागं करतो. रडणं वाढलं तर आवाज द्या, "आई इथे आहे, झोप आता". तेवढ्याने भागलं नाही तर छातीवर किंवा पोटावर हात ठेवून हळूहळू थोपटा. तरीही आकांत असेल तर उचला. शांत होईपर्यंत धरा, झोप लागेपर्यंत नाही. श्वास स्थिर झाला की परत गादीवर. पुन्हा रडलं, पुन्हा उचला. पहिल्या रात्री हे खूप वेळा करावं लागतं.

उभं राहायला नुकतं शिकलेलं बाळ कठडा धरून उभं राहतं आणि खाली कसं बसायचं ते त्याला येत नाही, म्हणूनही रडतं. त्याला दिवसा खेळताना गुडघे वाकवून बसायचा सराव द्या. रात्री एकदा हळूच आडवं करा, त्यावरून ओढाताण नको.

त्या मुलीच्या उरलेल्या वीस मिनिटांची गोष्ट आता. पहिले तीन-चार दिवस आई तिच्या शेजारी आडवी, हात पोटावर. पुढचे तीन-चार दिवस आई शेजारी बसलेली, हात नाही, फक्त आवाज. मग आई दाराजवळच्या खुर्चीत, बाळाला दिसेल अशी. या प्रत्येक टप्प्यात बदलाच्या दिवशी रडणं थोडं वाढायचं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरायचं. त्यानंतरची पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मुलगी शांत पडलेली असताना आई म्हणायची, "पाणी पिऊन आले हं", आणि अर्ध्या मिनिटात, रडणं सुरू व्हायच्या आधी परत यायची. मग एक मिनिट, मग तीन. आपण रडल्यामुळे आई येत नाही, ती येतेच, हे मुलीला असं कळलं. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी आई परत आली तेव्हा ती झोपलेली होती.

खुर्ची मागे नेत जाण्याच्या आणि ठरावीक अंतराने जाऊन धीर देण्याच्या या पद्धती मेलबर्नच्या संशोधकांनी सात-आठ महिन्यांच्या बाळांच्या घरांत वापरून पाहिल्या आणि तीच मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. 2012 साली आलेल्या त्या अहवालात मुलांच्या मनावर किंवा आईशी असलेल्या नात्यावर वाईट परिणाम आढळला नाही. हळूहळू अंतर वाढवलं तर बाळ दुरावेल, अशी धास्ती बाळगणाऱ्या आयांना मी हे सांगते.

घरातल्या सगळ्यांनी हाच क्रम पाळायला हवा. आई थोपटतेय आणि पलीकडून "अगं घे ना त्याला, किती रडवतेस" असं ऐकू येत असेल, तर आधी आजीशी बोला, आणि तेही दुपारी, रात्रीच्या रडारडीत नको. आठवड्यातून दोन रात्री बाबांनी झोपवावं. सुरुवातीला जास्त रडेल, पण बाबा तोच क्रम, तीच अंगाई, तेच वाक्य वापरत असतील तर बाळ मानतं.

शेवटचं आणि सगळ्यांत अवघड: लागून गेलेली सवय सोडवणं

एक वेळी एकच सवय घ्या. पाजून झोपवणं आणि कडेवर फिरवणं दोन्ही असेल तर आधी फिरवणं कमी करा: चालण्याऐवजी एका जागी उभं राहून डोलणं, मग बसून, मग मांडीवर, मग गादीवर. प्रत्येक टप्प्याला तीन-चार रात्री. ताप, लसीनंतरचे दिवस, गावी जाणं, घर बदलणं, कामावर रुजू होण्याचा पहिला आठवडा, यांपैकी काही चालू असेल तर हात घालू नका. आजार सरल्यावर पुन्हा सुरू केलंत तर बाळ मागच्यापेक्षा लवकर वळणावर येतं.

आणि झोपेसाठी जायफळ उगाळून देणं, सर्दीचं औषध "झोप येते" म्हणून देणं, हे कृपा करून करू नका. त्याने गुंगी येते, आणि एवढ्या लहान बाळात गुंगीचं प्रमाण ओळखता येत नाही.

कुठे थांबायचं

वाट न बघता दवाखान्यात न्या: अचानक कळ आल्यासारखं किंचाळून पाय पोटाशी घेतं, मध्ये काही मिनिटं निपचित पडतं आणि पुन्हा तेच, सोबत उलट्या किंवा शीमध्ये लालसर चिकट रक्त. आतडं आतड्यात अडकण्याचा हा प्रकार याच वयात जास्त दिसतो आणि त्याला तास मोजके असतात. हिरवी उलटी, श्वास घ्यायला त्रास, उठवूनही न उठणं, या वेळी 108 लावा.

एक-दोन दिवसांत बालरोगतज्ज्ञांना दाखवा: कान ओढणं किंवा कानातून पाणी, झोपेत मोठ्याने घोरून श्वास थांबणं, रडताना श्वास धरून निळं किंवा पांढरं पडणं, वजन न वाढणं. श्वास धरणाऱ्या बाळांत लोहाची कमतरता आढळू शकते, म्हणून रक्ततपासणीबद्दल विचारा. नऊ महिने पूर्ण होऊनही आधाराशिवाय बसत नसेल, नावाला वळून बघत नसेल, बा-बा मा-मा असे आवाज काढत नसेल, किंवा आधी येणारं काही आता करत नसेल, तर तेही सांगा. आणि वेळा, दूध, क्रम सगळं दोन आठवडे नीट पाळूनही रडणं तसूभर कमी झालं नाही, तर घरी आणखी प्रयोग नकोत.

रडणं ऐकून हात थरथरायला लागले, बाळाला जोरात हलवावंसं वाटलं, तर त्याला सपाट गादीवर, पडणार नाही अशा जागी ठेवा आणि पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. बाळाला कधीही गदागदा हलवू नका, त्याने मेंदूत रक्तस्राव होतो. बाळ झोपल्यावरही तुम्हाला झोप लागत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त दिवस सारखं रडू येत असेल, बाळाबद्दल काहीच वाटेनासं झालं असेल, तर बाळाच्या झोपेचं काम बाजूला ठेवून आधी तुमच्या डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.